लाभेश उच्चीचा असूनही शिल्लक का राहत नाही? कर्क लग्नाच्या एका पत्रिकेचा विचार

प्रश्न: माझं कर्क लग्न आहे, वय 38. एका ज्योतिषांनी सांगितलं की लाभेश शुक्र उच्चीचा आणि लाभात उच्चीचा चंद्र, म्हणजे पैशाला तोटा नाही. पगार खरंच चांगला आहे, बढत्याही वेळेवर मिळाल्या. पण महिनाअखेर खात्यात काही उरत नाही, घराचं कर्ज आणि शिवाय आणखी एक कर्ज चालू आहे. दुसरे म्हणाले की धनेश रवी अष्टमात आहे, त्यामुळे पैसा कधीच टिकणार नाही. यात खरं कोणाचं? लग्न कर्क 6 अंश, चंद्र वृषभ 10 अंश 30 कला, रवी कुंभ 11, बुध मकर, शुक्र मीन 25, राहू मीन, गुरू मेष 3, शनी आणि मंगळ दोघेही धनु 7, केतू कन्या. गुरू महादशेत शनीची अंतर्दशा चालू आहे.

उत्तर: दोघांनीही अर्धी पत्रिका वाचली आहे. पहिल्यांनी फक्त लाभस्थान पाहिलं, दुसऱ्यांनी फक्त धनेश पाहिला. तुमच्या पत्रिकेत पैसा येतो आणि साठतोही. मात्र साठलेला पैसा मोकळा राहत नाही, तो कुठेतरी बांधला जातो. हे कशावरून म्हणतो ते क्रमाने सांगतो.

अकरावं म्हणजे लाभस्थान आवक दाखवतं, आणि त्याचा स्वामी ग्रह तो लाभेश. पगार, नफा, बढती, ओळखीतून होणारा फायदा हे सगळं तिथलं. दुसरं म्हणजे धनस्थान, त्याचा स्वामी तो धनेश; हे स्थान आलेल्यातलं घरात काय राहिलं ते दाखवतं, आणि त्यातच कुटुंबही येतं. ही दोन स्थानं एकमेकांची हमी देत नाहीत. लाभेश बलवान आणि धनेश अडचणीत असला, की माणूस कमावतो भरपूर पण हातात काही दिसत नाही. उलट धनेश चांगला आणि लाभ बेताचा असेल, तर मोजक्या पगारातही माणूस गाठीला चार पैसे बाळगून असतो. सिंह आणि कुंभ या दोनच लग्नांना धनेश आणि लाभेश एकच ग्रह असतो, सिंहेला बुध आणि कुंभेला गुरू. बाकी दहा लग्नांना दोन ग्रह वेगळे तपासावेच लागतात. कर्केला धनेश रवी, लाभेश शुक्र.

आधी आवक. शुक्र मीनेत 25 अंशांवर आहे, त्याचा परमोच्च बिंदू 27 अंशांवर, म्हणजे जवळजवळ शिखरावरच. रवीपासून तो 44 अंश लांब असल्याने अस्तंगत होण्याचा प्रश्न नाही. तो बसला आहे भाग्यात. चंद्र म्हणजे तुमचा लग्नेश, तो लाभात. (उच्चीचा म्हणतात ते राशीपुरतं बरोबर आहे. वृषभेत पहिल्या 3 अंशांनंतर चंद्र मूलत्रिकोणात धरतात. फळात त्याने फार फरक पडत नाही.) लग्नेश लाभात आणि लाभेश भाग्यात असणं हा धनयोगाचाच प्रकार आहे, कारण 1, 2, 5, 9 आणि 11 या स्थानांचे स्वामी एकमेकांत गुंतले की पाराशरी मताने धनयोग धरतात. पहिल्या ज्योतिषांचं म्हणणं इथवर अगदी बरोबर.

लाभेशाबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पाराशरी पद्धतीत तिसरं, सहावं आणि अकरावं यांच्या स्वामींना त्रिषडाय म्हणून शुभ मानत नाहीत. त्यात कर्क ही चर रास आहे, आणि चर लग्नाला अकराव्याचा स्वामी बाधकेश, म्हणजे अडथळे आणणारा ग्रहही होतो. म्हणजे तुमचा शुक्र मिळवून देतो आणि सोबत काही गुंताही आणतो. त्याच्या शेजारी राहू आहे. राहूची महादशा तुम्हाला साधारण 16 वर्षे 7 महिन्यांपासून 34 वर्षे 7 महिन्यांपर्यंत होती. उच्चीच्या लाभेशाबरोबर बसलेल्या राहूने त्या 18 वर्षांत उत्पन्न वाढवलं असणार, आणि उत्पन्नापेक्षा एक पाऊल पुढचं राहणीमानही दिलं असणार. हे खरं की नाही, ते तुम्हालाच ठाऊक.

आता दुसरं स्थान. इथे भाव आणि भावेश वेगवेगळे तपासायचे असतात, आणि घोटाळा बहुतेक इथेच होतो. सिंह रास धनस्थानात आहे, तिथे एकही ग्रह नाही. पण त्या स्थानावर दृष्टी कोणाची आहे ते पाहा. कुंभेतला रवी सातव्या दृष्टीने समोरच्या सिंहेकडे, म्हणजे स्वतःच्याच राशीकडे पाहतो. दशमातला गुरू पाचव्या दृष्टीने तिथेच पाहतो. गुरू धनाचा कारक, शिवाय तुमचा भाग्येश. स्वामीची स्वतःची दृष्टी आणि कारकाची दृष्टी एकाच वेळी असलेलं धनस्थान निर्बल म्हणता येत नाही. धनेश अष्टमात गेला तरी आपल्या घरावर नजर ठेवून आहे. म्हणून ‘पैसा कधीच टिकणार नाही’ हा निकाल मला पटत नाही. अष्टमातला धनेश नेहमी धनस्थानाकडेच पाहतो. हा अगदी प्राथमिक हिशेब आहे, तरीही तो विसरून लोकांना घाबरवलं जातं.

भाव ठीक असला तरी भावेशाची अडचण खरी आहे. रवी कुंभेत, म्हणजे शनीच्या राशीत, शत्रुक्षेत्री. नवमांशातही तो मकरेत जातो, तिथे पुन्हा शनी. आणि हा शनी धनूतून तिसऱ्या दृष्टीने थेट रवीकडे पाहतो. तुमच्या पत्रिकेत शनी सप्तमेश आणि अष्टमेश आहे आणि बसला आहे षष्ठात, म्हणजे ऋणस्थानात. आता व्ययेश पाहा. बाराव्याचा स्वामी बुध मकरेत, सप्तमात. त्याचाही राशीस्वामी शनीच.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. साठवणीचा स्वामी आणि खर्चाचा स्वामी, दोघेही शनीच्या घरात राहतात आणि शनी कर्जाच्या घरात बसला आहे. म्हणजे तुमची बचत आणि तुमचा खर्च, दोन्हीची किल्ली हप्त्यांकडे आहे. पगार आला की आधी हप्ते जातात, मग घर चालतं, आणि बचतीला काही उरत नाही. उधळपट्टीची पत्रिका अशी दिसत नाही.

उधळपट्टी नाही हे मी अष्टकवर्गावरूनही, म्हणजे प्रत्येक राशीला ग्रहांकडून मिळणाऱ्या शुभ बिंदूंच्या हिशेबावरूनही, पडताळून पाहिलं. तुमच्या ग्रहस्थितीवरून सर्वाष्टकवर्ग मांडला, तर दशमात 23 बिंदू येतात, लाभात 29, व्ययात 23, लग्नात 28 आणि धनस्थानात 26. एकूण बिंदू 337, म्हणजे एका राशीला सरासरी 28 च्या आसपास. परंपरेत एक नियम सांगतात: दशमापेक्षा लाभात जास्त, लाभापेक्षा व्ययात कमी आणि व्ययापेक्षा लग्नात जास्त बिंदू असले, तर माणूस धनवान आणि सुखी होतो. तुमच्या पत्रिकेत तिन्ही अटी पुऱ्या होतात. दशमापेक्षा लाभ सहाने जास्त आहे, म्हणजे केलेल्या कामाच्या मानाने मोबदला बरा मिळतो. व्यय लाभापेक्षा सहाने कमी, तेव्हा सहज हातातून सुटणारा खर्च मर्यादित. धनस्थान मात्र सरासरीपेक्षा दोनाने खाली. दोन बिंदूंची तूट फार मोठी नाही, पण ती दिसते.

हे आकडे सॉफ्टवेअर लगेच काढून देतं, आणि लोक नुसत्या बिंदूंवरून निकाल लावतात. तसं करू नये. लाभात 29 बिंदू दुसऱ्या कोणाच्या पत्रिकेतही येतील आणि त्याचा लाभेश नीच राशीत असेल. बिंदू किती वाव आहे ते सांगतात, काम करून घेणारा स्वामीच असतो.

राहता राहिले षष्ठातले शनी आणि मंगळ. बाराव्या स्थानावर, म्हणजे मिथुनेवर, दोघांचीही सातवी दृष्टी आहे, त्यामुळे तिथे जो खर्च होतो तो टाळता न येणारा असतो: हप्ता, दंड, औषधपाणी, कोर्टकचेरी. मंगळ तुमच्या लग्नाला योगकारक, पंचमेश आणि दशमेश. तो शनीबरोबर एकाच अंशावर सापडला आहे. शिवाय मंगळ गुरूच्या धनूत आणि गुरू मंगळाच्या मेषेत, असा षष्ठ आणि दशम यांचा परिवर्तन योग झाला आहे. सहावं स्थान परिवर्तनात आलं की त्याला दैन्य योग म्हणतात. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, कारण षष्ठ हे नोकरीचंही स्थान आहे. तुमचा पगार वेळेवर येतो, बढत्या मिळतात, त्यात या परिवर्तनाचा वाटा आहे. पण त्याच दोरीने करिअर आणि कर्ज एकत्र बांधले गेले आहेत. पगार वाढला की मोठं कर्ज मिळण्याची पात्रता वाढते आणि कर्जही वाढतं. तुमचं दुसरं कर्ज बढतीनंतर वर्षभरात घेतलेलं असेल, तर मला नवल वाटणार नाही.

पहिल्या कर्जाचं, म्हणजे घराचं, मला वाईट वाटत नाही. गुरूची पाचवी दृष्टी धनावर, सातवी चतुर्थावर आणि नववी षष्ठावर. धन, घर आणि कर्ज ही तिन्ही स्थानं एकाच ग्रहाच्या दृष्टीत आहेत, आणि गुरू स्वतः षष्ठेशही आहे. चतुर्थेश पुन्हा तोच उच्चीचा शुक्र. घर कर्जातूनच होणार होतं आणि ते टिकणार. तेव्हा महिनाअखेर खात्यात काही नाही म्हणताना, घराची मालकी वर्षागणिक तुमच्याकडे सरकते आहे हेही धरा. फलज्योतिषात ‘धन’ म्हणजे फक्त बँकेतली शिल्लक नव्हे. धनेश अष्टमात असलेल्यांचं धन बहुधा घर, विमा, भविष्य निर्वाह निधी, जोडीदाराच्या नावावरची रक्कम, वारसा अशा वेळेवर हाती न येणाऱ्या ठिकाणी असतं. शनीची दृष्टी अष्टमावर, म्हणजे स्वतःच्याच राशीवर असल्याने ते बुडण्यापेक्षा उशिरा मिळण्याकडे कल जास्त.

दुसऱ्या कर्जाची मला चिंता वाटते. ते कशासाठी घेतलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. धनेश रवी आहे, त्यामुळे वडिलांशी किंवा घराण्याशी संबंधित जबाबदारी असू शकते. व्ययेश बुध सप्तमात असल्याने जोडीदाराच्या कामासाठी किंवा भागीदारीसाठी घेतलेलंही असू शकतं. या दोन्हींपैकी काही असेल तर पत्रिकेशी ते जुळतं, आणि मग आणखी कोणाला जामीन राहण्याच्या भानगडीत निदान सध्या पडू नका. अष्टमेश षष्ठात आणि त्याचीच अंतर्दशा असताना दुसऱ्याचं ओझं आपल्या अंगावर येतं, हा माझा अनुभव आहे.

दशेकडे वळू. चंद्र रोहिणीच्या अगदी सुरुवातीला असल्याने जन्मवेळी चंद्राची महादशा साडेनऊ वर्षांहून थोडी अधिक शिल्लक होती. त्यानंतर मंगळाची 7, राहूची 18 आणि मग गुरूची 16 वर्षे. गुरूत शनीची अंतर्दशा वयाच्या 36 वर्षे 9 महिन्यांच्या सुमारास लागली आणि 39 वर्षे 3 महिन्यांपर्यंत चालेल. शनी तुमच्या पत्रिकेत ऋणस्थानातून धनेशाकडे आणि व्ययस्थानाकडे एकाच वेळी पाहतो, म्हणून पैशाची ओढाताण सर्वांत जास्त जाणवण्याचा काळ हाच. तुम्ही नेमक्या याच काळात हा प्रश्न विचारला आहे. चार वर्षांपूर्वीही हातात फारसं उरत नसेल, पण तेव्हा ते एवढं टोचत नसेल.

पुढे बुधाची अंतर्दशा साडेएकेचाळीसपर्यंत. बुध व्ययेश असल्याने या काळात खर्च कमी होईल असं मी सांगणार नाही, पण त्याचं स्वरूप बदलतं. बुध तृतीयेशही आहे, तेव्हा कागदपत्रं, करार, कर्जाची पुनर्रचना, दुसऱ्या बँकेकडे कर्ज वळवणं अशा कामांना हा काळ चांगला. मग केतूचे अकरा महिने, आणि साधारण 42 वर्षे 5 महिन्यांपासून 45 वर्षे 1 महिन्यापर्यंत शुक्र. लाभेश उच्चीचा आणि महादशास्वामी भाग्येश, म्हणून उत्पन्नाची मोठी उडी मारायची असेल तर ती इथे. त्याला लागूनच साडेनऊ महिन्यांची रवीची अंतर्दशा येते. धनेश अष्टमातला, त्यामुळे अडकलेली रक्कम मोकळी होणं, एखादं कर्ज फिटणं किंवा विम्याचे, वारशाचे पैसे येणं अशा घटना या काळात पाहाव्यात. शुक्रात आलेली वाढ नव्या हप्त्यात घातली, तर रवीत मोकळं व्हायला काही उरणार नाही. शुक्राचा बाधक गुण इथेच नडतो: चांगले दिवस आले की माणूस मोठ्या गाडीच्या मागे लागतो.

धनेशाला बळ द्यायला माणिक घालायचा सल्ला तुम्हाला मिळाला असेलच. मी देत नाही. कर्क लग्नाला रवी द्वितीयेश म्हणून मारकेशही आहे आणि बसला आहे अष्टमात. त्याची ताकद वाढवण्याआधी कोणीही दोनदा विचार करावा.

आता सर्वांत महत्त्वाची अडचण. तुमचं लग्न कर्केच्या 6 अंशांवर आहे. कर्क लग्न सव्वादोन तासांच्या आसपास चालतं, म्हणजे एका अंशाला साधारण साडेचार मिनिटं. जन्मवेळ अर्ध्या तासाने मागे असेल, तर लग्न मिथुन होतं आणि वरचं सगळं उलटंपालटं होतं. मिथुनेला धनेश चंद्र, तो बाराव्यात जातो. लाभेश मंगळ, तो सप्तमात शनीबरोबर येतो. म्हणजे आवक भागीदारीतून किंवा जोडीदाराकडून आणि साठवण सरळ खर्चात, अशी अगदी वेगळी पत्रिका. ग्रह तेच, वाचन दुसरंच. तुमची वेळ रुग्णालयाच्या नोंदीवरची असेल तर फारसा प्रश्न नाही. ‘दुपारी साधारण चार’ असं घरच्यांनी आठवून सांगितलेलं असेल, तर मात्र आधी वेळ शुद्ध करून घ्या.

त्यासाठी तीन तारखा पुरतात: नोकरी लागली ती, घराचा करार झाला ती, आणि लग्न झालं असेल तर ती. प्रत्येक तारखेला कोणती अंतर्दशा होती ते मांडा. कर्क लग्न बरोबर असेल, तर घराच्या करारावेळी चतुर्थाशी नातं असलेल्या शुक्राचा किंवा गुरूचा संबंध दिसायला हवा. मिथुन लग्नाला तोच संबंध चतुर्थेश बुधाशी आणि चतुर्थात बसलेल्या केतूशी दिसेल. एका तारखेवरून काही ठरत नाही, कारण गुरूची महादशा आजही चालूच आहे आणि तो दोन्हीकडे कुठे ना कुठे बसवता येतो. तिन्ही तारखा एकाच बाजूला झुकल्या तर मात्र वेळेची खात्री धरायला हरकत नाही.

पत्रिकेवरून रक्कम सांगता येत नाही. किती शिल्लक राहील, कर्ज कोणत्या महिन्यात फिटेल, हे सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. दुसरं कर्ज कधी आणि कशासाठी घेतलं ते आणि वरच्या तीन तारखा कळवा, म्हणजे बुधाच्या अंतर्दशेत कोणतं कर्ज आधी हातावेगळं करायचं ते पाहता येईल.